एक तारा, साडेतीनशेचा पंप आणि दुकानदाराचं उत्तर

प्रश्न: आमचं अमळनेरला पंखे, कूलर आणि पाण्याच्या मोटरींचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकानं गूगल मॅप्सवर एक तारा देऊन असं लिहिलं:

"आखाजीला लेक आणि नातू येणार म्हणून ६५०० चा कूलर घेतला. चौथ्या दिवशी मोटर जळाली. तीनदा फोन केला, एकदाही उचलला नाही. दुकानात गेलो तर सगळ्यांसमोर म्हणे, तुम्ही पाणी न टाकता चालवला असेल. मेकॅनिक सहाव्या दिवशी आला आणि पंपाचे ३५० वरून घेतले. विकताना भाऊ-दादा, नंतर कोण कुठला. लुटारू दुकान."

मी हे उत्तर टाकलं:

"प्रिय ग्राहक, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तथापि आपले आरोप पूर्णतः निराधार व खोटे आहेत. आमचे दुकान गेली २७ वर्षे ग्राहकांच्या सेवेत असून आमचे हजारो समाधानी ग्राहक आहेत. पंप वॉरंटीमध्ये येत नाही हे बिलावर स्पष्ट नमूद आहे. पाणी न टाकता कूलर चालविल्यास त्यास दुकान जबाबदार नाही. विनाकारण बदनामी केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल. कळावे."

खरं म्हणजे फॅनची मोटर गेलीच नव्हती, पंप गेला होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आठवड्यात आमच्याकडे एकच मेकॅनिक होता. फोन काउंटरवर पडलेला असतो, गर्दीत उचलला गेला नसेल. जुना पंप अजून भंगारच्या खोक्यात आहे. मुलगा म्हणतो, उत्तर काढून टाका, त्यानंच जास्त बदनामी होतेय. काढू का? की दुसरं लिहू? आणि लिहायचं तर काय?

उत्तर:

काढू नका, बदला. काढलंत तर त्यांचं लिखाण तिथं एकटं उरेल आणि दुकानदाराला बोलायला तोंड नाही असं दिसेल. गूगलवर मालकाचं उत्तर नंतर कधीही दुरुस्त करता येतं. पण आजच दुरुस्त करू नका. आधी दोन कामं करायची आहेत आणि ती दोन्ही फोनच्या पडद्याबाहेरची आहेत.

त्याआधी हे उत्तर वाचतो कोण ते ठरवू. तुम्ही ते त्या गिऱ्हाइकाला उद्देशून लिहिलंय. त्यांनी ते एकदा वाचलं असेल, चिडले असतील आणि विषय सोडला असेल. पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये ते वाचणार आहे पारोळ्याचा किंवा धरणगावचा एखादा माणूस, ज्याला कूलर घ्यायचाय आणि अमळनेरातल्या तीन दुकानांपैकी कुठं जावं हे ठरत नाहीये. असा माणूस पाच ताऱ्यांचं कौतुक फारसं वाचत नाही, एक ताऱ्यावर थांबतो. तुमच्या आणि त्या गिऱ्हाइकाच्या भांडणात खरं कोण, हे त्याला ठरवायचं नसतं आणि ठरवताही येत नाही. त्याला एवढंच बघायचं असतं, की उद्या माझा कूलर बंद पडला तर हा माणूस माझ्याशी कसा वागेल?

आता त्याच्या नजरेनं तुमचं उत्तर वाचा. फोन उचलला की नाही, काही नाही. मेकॅनिक यायला सहावा दिवस का उजाडला, काही नाही. चारचौघांत ते वाक्य बोललात की नाही, काही नाही. उलट तेच वाक्य तुम्ही उत्तरात पुन्हा लिहून दिलंय, म्हणजे गिऱ्हाईक म्हणतोय त्याला पुरावाच दिला. तक्रार होती चार गोष्टींची. उत्तर आलं वॉरंटीचं, २७ वर्षांचं आणि कोर्टाचं. पारोळ्याचा माणूस यावरून एकच अर्थ काढेल, की इथं तक्रार केली तर नोटीस येते.

कोर्टाच्या वाक्याला दुसरीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २ (४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं ते दिलंय. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं त्यात येतं, आणि बिलावर मुदतच नसेल तर ही मुदत ३० दिवसांची धरली आहे. तुमचा पंप चौथ्या दिवशी गेला. तो मुळात सदोष होता की वापरताना बिघडला हा वादाचा मुद्दा आहे, मान्य. पण 'बिलावर लिहिलंय' एवढ्यावर हा वाद मिटत नाही. तुम्ही कायद्याची भाषा काढलीत तर समोरच्याला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवायला एक मिनिट लागतं. साडेतीनशेच्या पंपासाठी तिथवर कशाला जायचं?

आता पहिलं काम. त्यांच्या लिखाणातल्या तक्रारी एका कागदावर सुट्या करा आणि प्रत्येकीसमोर तुमच्याकडे काय पुरावा आहे ते लिहा. आठवण चालणार नाही. बिलबुक, फोन आणि वस्तू हवी. तीन फोन केले म्हणतात, तर दुकानाच्या मोबाइलवर त्या तारखांचे मिस कॉल काढून बघा. जुनी यादी फोनमधून गेली असेल तर मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये मिस कॉल दिसतीलच असं नाही, अशा वेळी त्यांचं म्हणणं खरं धरा. गर्दीच्या आठवड्यात फोन उचलला गेला नसेल हे तुम्हीच लिहिलंय. मेकॅनिक सहाव्या दिवशी गेला का, ते त्याच्या वहीत किंवा व्हॉट्सॲपवरच्या पत्त्यात सापडेल. ३५० घेतले का, त्याला विचारा. ते वाक्य बोललात का, हे तुम्हाला ठाऊक आहे.

राहता राहिला पंप. तो खोक्यातून काढा आणि खालची जाळी उघडा. आतलं छोटं चाक बोटानं फिरवून बघा. त्याला पॅडच्या गवताचे तंतू गुंडाळले असतील आणि ते अडकत असेल, तर पंप जाम होऊन तापला असण्याची शक्यता मोठी. नवीन गवताच्या पॅडमधून पहिल्या काही दिवसांत बारीक काड्या टाकीत उतरतातच. पॅड बसवण्याआधी झटकून, धुऊन घेतले नाहीत किंवा पंपाला जाळी नीट बसली नाही, तर त्या थेट चाकात जातात. म्हणजे चूक दुकानातल्या जोडणीची. चाक मोकळं फिरत असेल, काड्या नसतील, तर पंप पाण्याशिवाय चालला असू शकतो किंवा कॉइलच कच्ची असू शकते. या दोहोंतलं नेमकं कोणतं, हे जळालेली कॉइल बाहेरून बघून सांगता येत नाही.

या तपासणीचा उपयोग गिऱ्हाइकावर दोष टाकायला नाही. काय लिहायचं नाही हे त्यावरून ठरतं. पंप न बघता 'तुम्ही पाणी टाकलं नसेल' म्हणणं हा अंदाज होता आणि तुम्ही तो निकालासारखा सुनावलात. शिवाय खान्देशात मे महिन्यात हे वाक्य साधं नाही. ज्या गावात नळ दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतो, तिथं माणूस पिण्याच्या पाण्यातून कूलरची टाकी भरतो. त्याला पाहुण्यांच्या दिवसांत, लोकांसमोर, पाणी टाकलं नाही म्हणणं म्हणजे त्याच्या घरावर बोलणं. माझ्या मते त्या लिखाणातला राग साडेतीनशेचा नाहीच, या वाक्याचा आहे. 'लुटारू' हा शब्द पैशासाठी आलाय, पण जखम दुसरीकडे आहे.

दुसरं काम फोनचं. उत्तर बदलण्याआधी त्यांना स्वतः फोन करा. मुलाला किंवा काउंटरवरच्या पोराला करायला लावू नका, कारण ते वाक्य तुम्ही बोललात. दुपारी एक ते चारमध्ये करू नका, संध्याकाळी करा. बोलणं छोटं ठेवा: फोन उचलला नाही हे बघितलं, ते बोलायला नको होतं, पंपाचे पैसे परत देतोय, कूलर आता नीट चालतोय का? मग गप्प बसून ऐका. ते दहा मिनिटं सुनावतील. मधे 'पण' आला की फोन वाया गेला असं समजा.

या फोनमध्ये एक वाक्य कटाक्षानं टाळायचं: 'पैसे देतो, तेवढा रिव्ह्यू काढा.' पैसे, सूट किंवा भेट देऊन वाईट रिव्ह्यू बदलून किंवा काढून घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. नियम बाजूला ठेवला तरी माणूस ते वाक्य रिव्ह्यूतच जोडतो: "आता ३५० देऊन काढायला सांगतात." मग काय लिहाल? पैसे द्यायचे ते पंप चार दिवसांत गेला म्हणून. ताऱ्यांचं पुढं काय करायचं ते त्यांच्यावर सोडा.

त्यांनी फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करा, एक छोटा मेसेज ठेवा आणि थांबा. पाचदा फोन केला तर तो पाठलाग वाटतो.

आता लिखाणाकडे येऊ. तुमच्या उत्तरात मराठीच अशी निवडलीय की माणूस दिसू नये. 'गैरसोय झाली', 'नमूद आहे', 'कारवाई करण्यात येईल' या वाक्यांत करणारा कुणीच नाही. मराठीत ही सोय फार आहे. 'फोन उचलला गेला नाही' म्हटलं की फोनचीच चूक असल्यासारखं वाटतं. 'आम्ही फोन उचलला नाही' म्हटलं की कबुली होते. उत्तरात निदान दोन वाक्यं अशी हवीत ज्यांचा कर्ता तुम्ही आहात. दुकानानं जे केलं त्याला 'आम्ही', तुमच्या तोंडून जे गेलं त्याला 'मी'. चारचौघांतल्या त्या वाक्याला 'आमच्याकडून तसे बोलले गेले असल्यास' लिहिलंत तर माफी न मागितलेली बरी.

'दिलगीर आहोत' हा शब्द बँकेच्या आणि रेल्वेच्या फलकांनी झिजवून टाकलाय. त्याला लागून 'तथापि' आला की तो उरलासुरलाही संपतो. 'चुकलं', 'माफ करा', 'माफी मागतो' यांतलं जे तुम्ही काउंटरवर बोलाल ते लिहा. तीच कसोटी सगळ्या वाक्यांना लावा: ते गृहस्थ समोर उभे आहेत असं समजून मोठ्यानं वाचा. 'आपले आरोप पूर्णतः निराधार आहेत' हे तोंडावर म्हणता येतं का? नाही ना, मग ते लिहूही नका.

संबोधनाचं इथं वेगळं बघावं लागेल. एरवी आपल्याकडे 'भाऊ', 'दादा', 'काका' लिहिणं आपुलकीचं असतं. नातू असलेल्या माणसाला 'काका' शोभलंही असतं. पण त्यांनी 'विकताना भाऊ-दादा' असा टोमणा मारलाय. त्यावर 'काका, रागावू नका' असं लिहिलंत तर टोमणा खरा ठरतो. म्हणून इथं नुसतं 'नमस्कार', आणि पुढं साधं 'तुम्ही'. 'आपण' आणि 'तुम्ही' यांची सरमिसळ नको. 'प्रिय ग्राहक' तर नकोच. त्यांचं नाव वर दिसत असताना तुम्ही त्यांना बिननावाचं करता. नाव लिहायचं तर त्यांनी तिथं जेवढं ठेवलंय तेवढंच. बिल नंबर, गाव, मोबाइल, बिलाचा फोटो यातलं काहीही उत्तरात टाकायचं नाही. पुरावा म्हणून बिलाचा फोटो लावायचा मोह होतो, त्यावर पत्ता असतो. ग्राहकानं विश्वासानं दिलेली माहिती अशी उघड करणंही वर सांगितलेल्या त्याच कलमात अनुचित प्रथा म्हणून मोडतं.

आता मसुदा. तुम्ही सांगितलेल्या गोष्टी खऱ्या निघाल्या, मिस कॉल सापडले आणि फोनवर बोलणं झालं असं धरून लिहितो:

"नमस्कार. आखाजीला लेक आणि नातू घरी आलेले, बाहेर एवढं ऊन, आणि नवा कूलर चौथ्या दिवशीच बंद. तुम्ही चिडलात ते बरोबर आहे.

तुमचे तीन मिस कॉल दुकानाच्या फोनवर आहेत. आम्ही ते उचलले नाहीत आणि नंतर परत फोनही केला नाही. दुकानात आलात तेव्हा पंप न बघताच, तुम्ही पाणी टाकलं नसेल असं मी लोकांसमोर बोललो. ते चुकलं, मी माफी मागतो. इथं आधी टाकलेलं उत्तरही मी रागात लिहिलं होतं, ते काढलं आहे.

कूलरमधली फॅनची मोटर चांगली आहे, पाण्याचा पंप गेला होता आणि तो बदलला आहे. चार दिवसांत गेलेल्या पंपाचे पैसे आम्ही घ्यायला नको होते. काल फोनवर बोलल्याप्रमाणे ते परत करत आहोत.

आता आमच्याकडे घेतलेल्या कूलरचा पंप ३० दिवसांत गेला तर आम्ही तो फुकट बदलतो, मजुरी घेत नाही. दुरुस्तीचा फोन वेगळा केला आहे. तो उचलला नाही गेला तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही परत फोन करतो.

तुमचं नाव, दुकानाचा मालक"

शेवटच्या ओळीत तुमचं खरं नाव टाका. 'व्यवस्थापन' लिहू नका. दोन माणसांच्या दुकानाला व्यवस्थापन नसतं हे सगळ्यांना कळतं.

हे साधारण एकशे तीस शब्दांचं आहे. याहून लांब नको. फोनवर लांब उत्तराचा वरचा भागच दिसतो, बाकीचं उघडून वाचावं लागतं. म्हणून पहिल्या दोन ओळींत त्यांचा त्रास त्यांच्याच शब्दांत आलाय. आखाजी, लेक, नातू हे शब्द मी शोभेला घातलेले नाहीत. साच्यातलं उत्तर कुठल्याही तक्रारीखाली चिकटतं, हे फक्त याच तक्रारीखाली चिकटेल. वाचणाऱ्याला तेवढ्यानं कळतं की लिहिणाऱ्यानं तक्रार वाचली आहे.

मोटर आणि पंप यांचा खुलासा मी मुद्दाम तिसऱ्या परिच्छेदात ठेवलाय. तो हवाच, कारण 'मोटर जळाली' वाचून पुढच्या गिऱ्हाइकाला वाटेल की मोठ्या खर्चाचं काम निघालं. पण हेच वाक्य वर आलं असतं तर 'तुम्हाला मोटर आणि पंप यातला फरकही कळत नाही' असं वाचलं गेलं असतं. आधी कबुली झाल्यावर तीच माहिती साधी वाटते. दुरुस्तीचं वाक्य आणि कबुलीचं वाक्य एकमेकांना 'पण'नं जोडू नका, मध्ये पूर्णविराम असू द्या.

'लुटारू'ला उत्तर नाही, ६५०० च्या भावालाही नाही. 'लुटारू'ला उत्तर देणं म्हणजे तो शब्द दुसऱ्यांदा छापणं. २७ वर्षंही गेली. ती तुमच्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे, मला मान्य आहे, पण ज्याचा कूलर बंद पडला त्याला ती '२७ वर्षं असंच चालतंय' अशी ऐकू येते. ती वर्षं दुकानाच्या वर्णनात लिहा, तिथं ती शोभतात.

मेकॅनिक एकच होता हेही मी घेतलं नाही. ते खरं असलं तरी आखाजीला गर्दी होते हे अमळनेरच्या दुकानदाराला दरवर्षी ठाऊक असतं, त्यामुळे कारण म्हणून ते टिकत नाही. उन्हाळ्यापुरता दुसरा माणूस ठेवणार असाल तर तेवढं लिहा. ठेवणार नसाल तर गप्प बसा.

शेवटच्या परिच्छेदाला सगळ्यात जास्त जपा. पारोळ्याच्या माणसासाठी खरं उत्तर तेच आहे, आणि खोटं ठरायची भीतीही त्यालाच आहे. ३० दिवसांचा नियम तुम्ही खरोखर लावणार असाल तरच तो लिहा. पंधराच दिवस परवडत असतील तर पंधरा लिहा. वेगळा फोन घेतला नसेल तर ते वाक्य काढा आणि जे करू शकता ते लिहा, उदाहरणार्थ 'रोज रात्री दुकान बंद करताना मिस कॉल बघून परत फोन करतो'. पुढच्या मेमध्ये कुणी 'लिहितात ३० दिवस आणि पैसे मागतात' असं टाकलं, तर तुमचंच उत्तर त्याच्या तक्रारीचा पुरावा होतं. पैसे परत दिल्याची रक्कमही मी लिहिली नाही. आकडा दिसला की देणगी दिल्यासारखं वाटतं, आणि नियम दिसत नाही.

खोक्यातल्या पंपाचं चाक मोकळं निघालं आणि फोनवर ते स्वतःच म्हणाले, की हो, रात्री टाकी रिकामी झाली असेल, तर? तरीही माफी तशीच राहते, कारण तुम्ही बोललात तेव्हा तुम्हाला ते माहीत नव्हतं. फक्त तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ घाला: 'टाकीतलं पाणी संपल्यावर पंप चालू राहिला तर तो जळू शकतो. हे विकतानाच आम्ही सांगायला हवं होतं.' त्यांनी पाणी टाकलं नाही असं यात कुठंच येत नाही, आणि वाचणाऱ्या शंभर जणांना कामाची गोष्ट कळते. फोनवर त्यांनी दिलेली कबुली मात्र तिथं छापू नका.

मसुदा लिहून झाला की एक रात्र तसाच ठेवा. सकाळी दुकानाबाहेरच्या कुणाला तरी, ज्याला हे प्रकरण माहीत नाही, वाचायला द्या आणि एवढंच विचारा: हा दुकानदार चिडलेला वाटतो का? 'थोडासा' असं उत्तर आलं तरी ज्या ओळीवर तो अडखळला ती काढा. बहुतेक वेळा ती ओळ तुम्हाला सगळ्यात आवडलेली असते. मग मालकाच्या खात्यातून तो रिव्ह्यू उघडा, तुमच्या जुन्या उत्तराला 'संपादित करा'ची सोय असते, तिथं जुना मजकूर पुसून नवा चिकटवा. तो लगेच दिसला नाही तर पुन्हा पुन्हा टाकू नका. गूगल उत्तरं तपासून मग दाखवतं आणि कधीकधी वेळ लागतो. लिंक, ऑफर, जाहिरात त्यात घालू नका.

एका रिव्ह्यूखाली मालकाचं एकच उत्तर राहतं. त्यांनी रिव्ह्यू बदलून 'आता लोकांना दाखवायला गोड बोलतात' असं जोडलं तर तुम्हीही उत्तर बदलून वाद वाढवू शकता, पण वाढवू नका. पैसे पोचले असतील आणि कूलर चालत असेल तर मजकूर आहे तसा राहू द्या. आणि ताऱ्यांची सरासरी वर न्यायला मेव्हणे, भाचे, दुकानातली पोरं यांच्याकडून पाच तारे टाकून घेऊ नका. तेही नियमाबाहेर आहे, आणि एकाच दिवशी 'बेस्ट दुकान' अशी सात जणांची नोंद दिसली की लोकांना ती नाती बरोबर ओळखू येतात.

हा रिव्ह्यू गूगलकडे तक्रार करून निघेल अशी आशा धरू नका. खोट्या खात्यानं, शिवीगाळ करून किंवा भलत्याच दुकानाबद्दल लिहिलं असेल तर तक्रार करता येते. पण खरं गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात काय घडलं यावर मतभेद असेल तर गूगल त्यात पडत नाही. पुढं कधी तुमच्या बिलबुकात नसलेल्या माणसानं लिहिलं, तर तिथंही 'खोटं खातं' म्हणू नका. बिल बायकोच्या किंवा भावाच्या नावावर असू शकतं. 'या नावानं आम्हाला बिल सापडलं नाही. बिल नंबर दुकानाच्या फोनवर कळवा, मी स्वतः बघतो' एवढं पुरतं.

आता बिलाकडे बघा. छापील बिलबुकावरची 'पंपास वॉरंटी नाही' ही ओळ तशीच राहिली तर तुमचं नवं उत्तर आणि तुमचं बिल एकमेकांविरुद्ध बोलतील. नवं बिलबुक छापेपर्यंत रबरी शिक्का करून घ्या: 'पंप: विक्रीपासून ३० दिवस, बदलून मिळेल.' आणि टाकीच्या झाकणावर, जिथून माणूस पाणी ओततो तिथंच, एक स्टिकर लावा: 'आधी पाणी, मग पंपाचं बटण. पंप पाण्यात बुडालेला हवा. रात्री पंखा चालू ठेवून झोपताना टाकी भरा किंवा पंप बंद करा. पहिल्या आठवड्यात एकदा पंपाची जाळी काढून गवत साफ करा.' खाली दुरुस्तीचा नंबर टाका, मोठ्या आकड्यांत, चष्म्याशिवाय वाचता येईल असा.